साठ मिनिटांची विषयपत्रिका

(सार्वजनिक संस्थांच्या चिटणिसांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, एका वाचनालयाच्या कार्यकारिणीची विषयपत्रिका मी फळ्यावर लिहिली आहे. सभासद आठ, वेळ संध्याकाळी ५ ते ६. विषय असे: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, तिमाही हिशेब, नवीन सभासदांचे अर्ज, छताची गळती, वाचनालयाच्या वेळेत बदल, वार्षिक कार्यक्रम आणि शेवटी आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. सात विषय आणि एक तास. ही पत्रिका माझ्या हातची आहे आणि ती सभा पावणेसातला संपली. छताचा निर्णय झाला नाही तो नाहीच.

त्या पत्रिकेत वेळा लिहिल्या नव्हत्या असं तुम्हाला वाटेल. लिहिल्या होत्या की! प्रत्येक विषयापुढे कंसात मिनिटं होती: हिशेब ५, छत १०, वेळबदल १०. बेरीज बरोबर साठ. फक्त ते आकडे मी उलट दिशेनं काढले होते. साठ मिनिटं आहेत, सात विषय आहेत, महत्त्वाच्यांना थोडी जास्त, बाकीच्यांना थोडी कमी. ही झाली वाटणी. त्या विषयाला खरोखर किती वेळ लागणार, याचा हिशेब त्यात कुठेच नव्हता.

तर आज हाच हिशेब करू. छताचा विषय घ्या. तीन दरपत्रकं आली आहेत, त्यांतलं एक निवडायचं आहे. आता ती दहा मिनिटं डोळ्यांपुढे आणा. ज्यानं दरपत्रकं मागवली तो तिन्हींतला फरक सांगणार, त्याला ३ मिनिटं. मग प्रश्न येणार, ४ मिनिटं. मग मतं. आठ माणसं आहेत, प्रत्येकी एक मिनिट धरलं तरी ८. आणि शेवटी ठरावाचे शब्द जुळवायचे, सूचक-अनुमोदकांची नावं लिहायची, त्याला ३. झाली १८. मी तिथे १० लिहिले होते. म्हणजे सभा सुरू होण्याआधीच त्या एका विषयावर आठ मिनिटांचं कर्ज होतं.

यात सगळ्यांत जास्त विसरला जाणारा आकडा म्हणजे माणसांचा. एखाद्या विषयाला किती वेळ लागेल हे विषय किती अवघड आहे यापेक्षा त्यावर किती जण बोलणार यावर ठरतं. हिशेबाच्या अवघड कागदावर आपल्याकडे दोघंच बोलतात. कार्यक्रमाच्या तारखेवर आठही जण बोलतात. ब्रिटिश लेखक पार्किन्सन यांनी १९५७ साली हेच थट्टेत मांडलं होतं: समितीपुढे अणुभट्टीचा विषय अडीच मिनिटांत मंजूर होतो आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास जातो, कारण शेड सगळ्यांना कळते.

आता बाकीचे विषयही असेच मोजू. उपस्थिती आणि सुरुवात ३. इतिवृत्त ३. हिशेब वाचून दाखवणं आणि प्रश्न मिळून ८. अर्ज ५. छत १८. वेळबदल १५. वार्षिक कार्यक्रमाची तारीख आणि पाहुणे १२. ऐनवेळचे विषय ५. शेवटी ठराव आणि जबाबदाऱ्या वाचून दाखवायला ५. बेरीज करा. ७४ येते. तासाच्या सभेत ७४ मिनिटांचं काम. हा आकडा आधीच कागदावर दिसला तर सभा सुटते. सहा वाजता अध्यक्षांच्या चेहऱ्यावर दिसला तर काही उपयोग नाही.

इथे हात जातो तो सगळ्यांची थोडीथोडी मिनिटं कापण्याकडे. छत १८ चं १४, वेळबदल १५ चं १२. तसं करू नका. मिनिटं कापली म्हणून काम कमी होत नाही. कापायचं ते काम. त्या फसलेल्या सभेनंतर, पुढच्या सभेच्या पत्रिकेत मी काय केलं ते सांगतो.

हिशेबाचा कागद दोन दिवस आधी पाठवला आणि पत्रिकेत लिहिलं, ‘फक्त प्रश्न’. वाचून दाखवणं गेलं, ८ चे ४ झाले. अर्जांची यादीही आधीच पाठवली आणि ती इतिवृत्ताबरोबर एकाच ठरावात घातली: कोणाची हरकत नसेल तर दोन्ही एकदम मंजूर, हरकत असेल तर तेवढाच अर्ज बाजूला काढायचा. दोन्ही मिळून ३, वाचले ५. वार्षिक कार्यक्रमाचे दोन तुकडे केले. आज फक्त तारीख, त्याला ५. पाहुण्यांची नावं दोघांनी पुढच्या सभेला आणायची. वाचले ७. ऐनवेळच्या विषयांना ३, आणि तिथे विषय फक्त मांडायचा, त्यावर चर्चा नाही. एकूण वाचले १८, उरले ५६. आणि चार मिनिटं राखीव.

मग पत्रिका अशी झाली:

५:०० उपस्थिती
५:०३ इतिवृत्त व सभासद अर्ज (एकत्र मंजुरी)
५:०६ तिमाही हिशेब (फक्त प्रश्न)
५:१० छत: तीनपैकी कोणतं दरपत्रक स्वीकारायचं? (निर्णय)
५:२८ वाचनालय सकाळी एक तास आधी उघडायचं का? (निर्णय)
५:४३ वार्षिक कार्यक्रमाची तारीख (निर्णय)
५:४८ ऐनवेळचे विषय (फक्त मांडणी)
५:५१ ठराव व जबाबदाऱ्यांचे वाचन

यात दोन-तीन गोष्टींवर जरा थांबतो. पहिली, विषयापुढे ‘१८ मिनिटे’ असं न लिहिता सुरू होण्याची वेळ लिहिली आहे. ‘१८ मिनिटे’ वाचून कोणी घड्याळाकडे बघत नाही, कारण कधीपासून मोजायची ते कोणाच्या लक्षात नसतं. ‘५:२८’ वाचलं की भिंतीवरचं घड्याळ आपोआप बोलतं. दुसरी, ‘छताची गळती’ हे शीर्षक मी काढून टाकलं. त्या शीर्षकाखाली मागच्या पावसात काय झालं, आधीचं काम कोणी केलं होतं, सगळं बसतं. प्रश्न लिहिला की उत्तर मिळाल्यावर विषय संपल्याचं सगळ्यांना कळतं.

आणि राखीव चार मिनिटं पत्रिकेत दिसत नाहीत. ती फक्त अध्यक्षांच्या प्रतीत आहेत. ‘राखीव’ असं छापलं की ती वेळ कोणाची तरी होते. वापरली गेली नाही तर सभा ५:५६ लाच संपते, आणि त्याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

अध्यक्षांच्या प्रतीत आणखी एक गोष्ट असते. छताच्या विषयाच्या पोटात मी एक वेळ लिहितो: ५:१७, मतं सुरू. विषय हाताबाहेर जातोय हे ५:२८ ला कळून फायदा नसतो, तेव्हा उशीर झालेला असतो. ५:१७ ला अजून प्रश्नच चालू असतील तर अध्यक्षांना तिथेच कळतं आणि अकरा मिनिटं हातात असतात. पंधरा मिनिटांपेक्षा मोठ्या विषयाला अशी एक मधली खूण हवीच. लहान विषयांना नको, उगाच कागद भरतो.

प्रत्यक्षात काय झालं? ५:१७ ला मतं सुरू झाली. दोघांनी ‘मला दुसरं दरपत्रक पटतं’ एवढंच सांगितलं, वेळ वाचला. मग एकानं विचारलं, यात जुना थर खरवडून काढायचा खर्च धरला आहे का? एका दरपत्रकात धरला होता, दुसऱ्यात नव्हता आणि तिसऱ्यात ते स्पष्टच नव्हतं. खरा प्रश्न होता. तो आला नसता तर चुकीचा निर्णय झाला असता. पण त्याचं उत्तर त्या खोलीत कोणाकडेच नव्हतं. आणि मंडळी, सभा लांबते ती बहुतेकदा अशा जागी: माहिती नाही, म्हणून आठ जण अंदाज बांधतात, आणि अंदाजांना अंत नसतो. अध्यक्षांनी ५:२५ ला विचारलं, ‘याचं उत्तर आता इथे कोणाला ठाऊक आहे का?’ कोणालाच नव्हतं. मग ठराव असा झाला: थर काढण्याचा खर्च धरून ज्याचं दरपत्रक कमी भरेल ते स्वीकारावं, खात्री करून घेण्याचे अधिकार अमुक दोघांना. हे शब्द जुळवायला वेळ लागला आणि ५:३१ वाजले. तीन मिनिटं राखीवमधून गेली. सभा ५:५९ ला संपली.

समजा राखीवही पुरलं नसतं, तर? मग अध्यक्षांनी कोणाची मिनिटं घेतोय ते नाव घेऊन सांगायचं: ‘तारखेचा विषय पुढच्या सभेला नेतो आणि त्याची पाच मिनिटं इथे घेतो, चालेल?’ हे उघड विचारलं की निम्म्या वेळा उत्तर ‘नको, मतदान घ्या’ असं येतं. न विचारता चालू दिलं तर शेवटचा विषय गुपचूप मरतो, आणि तो नेहमी एकाच माणसाचा असतो. तो माणूस मग सभेला येणं सोडतो. शेवटची ठरावांची पाच मिनिटं मात्र कोणालाच उसनी द्यायची नाहीत. ती गेली तर कोणी काय करायचं यावर पुढच्या सभेत पुन्हा दहा मिनिटं जातात.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही, तेही सांगतो. वीस माणसं असतील तर प्रत्येकी एक मिनिट म्हणजे एका विषयाला वीस मिनिटं, तासात असे दोन विषयही धड बसत नाहीत. तिथे आधी लेखी मतं मागवावी लागतात. आणि दोन सभासदांचं आपसांत बिनसलं असेल तर घड्याळ मध्ये आणू नका. त्यांना वाटतं, आपलं तोंड बंद केलं. त्या विषयाला वेगळी बैठकच द्यावी.

सभेनंतर माझ्या प्रतीवर मी प्रत्येक वेळेपुढे पेन्सिलीनं खरी वेळ लिहितो. तीन-चार सभांच्या प्रती शेजारी ठेवल्या की आपल्या माणसांची चाल कळते. आमच्याकडे पैशाच्या विषयाला माझ्या अंदाजाच्या दीडपट वेळ लागतो आणि तारखा अंदाजापेक्षा लवकर ठरतात. आता मी आकडे लिहितानाच तसे लिहितो.

मागून एक प्रश्न आला आहे, ‘अध्यक्षच लांबण लावत असतील तर?’ हा प्रश्न विचारणारे चिटणीस असणार. (हशा) तसं असेल तर वेळ बघण्याचं काम अध्यक्षांकडे देऊ नका, ते बोलण्यात असतात. त्यांच्या समोरच्या खुर्चीतल्या माणसाकडे द्या. त्याच्या हातात एक पुठ्ठा, त्यावर मोठ्या अक्षरात ‘२’. विषय संपायला दोन मिनिटं उरली की त्यानं पुठ्ठा टेबलावर उभा करायचा, बोलायचं काही नाही. आणि विषयाची प्रस्तावना अध्यक्षांकडून काढून ज्यानं कागद तयार केला त्याच्याकडे द्यायची. आमच्या अध्यक्षांना पहिल्या दोन सभांत तो पुठ्ठा दिसला नाही. तिसऱ्या सभेत त्यांनी तो स्वतःच मागून घेतला, कारण त्या दिवशी खजिनदार बोलत होते.