संघाच्या नावाने मागितलेली वर्गणी: अध्यक्षांच्या एका पत्राविषयी

मित्रहो, आज मी तुम्हाला एक पत्र वाचून दाखवणार आहे. एका माजी विद्यार्थी संघाच्या अध्यक्षांनी ते सभासदांना लिहिलं होतं. संघाचं फेसबुक पेज कुणीतरी बळकावलं आणि त्याच पेजवरून सभासदांकडे वर्गणी मागायला सुरुवात केली, तेव्हाचं हे पत्र आहे. अध्यक्षांच्या परवानगीने वाचतो आहे. संस्थेचं नाव मात्र सांगणार नाही.

आधी पेजवर काय आलं होतं ते ऐका. मजकूर असा होता: ‘आजीव सदस्यत्वाचं नूतनीकरण सुरू झालं आहे. महिनाअखेरपर्यंत शुल्क न भरल्यास नाव यादीतून वगळलं जाईल.’ सोबत संघाचं बोधचिन्ह, मागच्या स्नेहसंमेलनाचा खराखुरा फोटो आणि पैसे भरण्यासाठी एक खाते क्रमांक. मराठी अगदी स्वच्छ होतं. फक्त एक गोष्ट चुकली होती. आजीव सदस्यत्व एकदाच घ्यायचं असतं, त्याचं नूतनीकरण कसलं करणार? आणि खातं संघाच्या नावावर नव्हतं, एका व्यक्तीच्या नावावर होतं. तरीही लोकांनी पैसे भरले. मी त्यांना भोळे म्हणणार नाही. ज्या पेजवर त्यांनी वर्षानुवर्षं आपल्या वर्गमित्रांचे फोटो पाहिले, त्याच पेजवरून मागणी आली होती. खोटं पेज असतं तर अनुयायी कमी दिसले असते, जुन्या पोस्ट नसत्या. इथे सगळं खरं होतं, फक्त चालवणारा बदलला होता.

पेज गेलं कसं? या पेजचे अ‍ॅडमिन अनेक होते. दर कार्यकारिणीने आपला माणूस जोडला, जुन्याला कुणी काढलं नाही. त्यातल्या एका माजी पदाधिकाऱ्याला संदेश आला की तुमच्या पेजवर कॉपीराइटचा भंग झाला आहे, चोवीस तासांत हरकत नोंदवली नाही तर पेज बंद होईल. सोबतची लिंक उघडल्यावर फेसबुकसारखंच दिसणारं पान आलं. तिथे त्यांनी पासवर्ड टाकला, मग फोनवर आलेला कोडही टाकला. दोन टप्प्यांची सुरक्षा असूनही उपयोग झाला नाही, कारण कोड त्यांनी स्वतःच पलीकडच्याच्या हातात दिला. पेजवर ज्याचं पूर्ण नियंत्रण असतं, तो बाकीच्या अ‍ॅडमिनना काढून टाकू शकतो. चोराने पहिलं काम तेच केलं. अध्यक्षांना सकाळी पेज दिसत होतं, पण एखाद्या परक्या माणसाला दिसावं तसं.

आता पत्राकडे येऊ. अध्यक्षांनी पहिला मसुदा लिहिला तो असा सुरू झाला होता: ‘आपणास कळवण्यास अत्यंत खेद होतो की, आपल्या संघाच्या दीर्घ परंपरेत…’ परंपरेवर एक परिच्छेद, खेदावर दुसरा, आणि वर्गणी भरू नका हे खाली कुठेतरी. फोनवर सूचना येते तेव्हा पत्राची पहिली ओळच दिसते, आणि पुष्कळ जण तेवढीच वाचतात. म्हणून त्यांनी पत्र नव्याने लिहिलं. पाठवलेल्या पत्राची सुरुवात ऐका:

‘संघाच्या फेसबुक पेजवर मागितली जात असलेली वर्गणी खोटी आहे. ती भरू नका. पेज सध्या आमच्या ताब्यात नाही. संघाने या वर्षी कोणतंही नवं शुल्क लावलेलं नाही.’

यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ‘पेज हॅक झालं आहे’ एवढंच लिहिलं असतं तर वाचणाऱ्याने विचारलं असतं, मग खरी वर्गणी कुठे भरायची? हा प्रश्न मोकळा राहिला की चोर त्याचं उत्तर देतो. इथे तसंच घडलं. पत्र गेल्यावर पेजवर नवी पोस्ट आली: ‘काही जण संघाच्या नावाने खोटी पत्रं पाठवत आहेत, विश्वास ठेवू नका. सुरक्षिततेसाठी संघाने खातं बदललं आहे, यापुढे पैसे इथे भरा.’ चोराने अध्यक्षांचा इशारा स्वतःच्या तोंडी घेतला. अशा वेळी सभासदाने कुणाचं खरं मानायचं?

याचं उत्तर पत्रात आधीच होतं. ‘या पत्रावरही विसंबू नका. तुमच्याकडे असलेल्या जुन्या पावतीवर संघाचं खातं छापलेलं आहे, ते बदललेलं नाही. शंका असल्यास तुम्ही ज्यांना प्रत्यक्ष ओळखता अशा कार्यकारिणी सदस्याला फोन करा.’ पत्रात एकही लिंक नव्हती, क्यूआर कोड नव्हता, नवा फोन नंबर नव्हता. ज्या पत्राने लिंकपासून सावध करायचं, त्याने स्वतः लिंक देऊ नये. जुनी पावती चोराला बदलता येत नाही, कारण ती सभासदाच्या घरी कपाटात असते. पत्र गेलं ते तुकडीवार ठेवलेल्या ईमेल यादीवरून आणि फोनवरून. पेजवर कुणी सावध करणारी टिप्पणी लिहिली की ती लगेच पुसली जात होती आणि लिहिणाऱ्याला ब्लॉक केलं जात होतं.

उत्साही सभासदांनी एकत्र ‘हे पेज खोटं आहे’ अशी तक्रार करायची ठरवलं होतं. अध्यक्षांनी त्यांना थांबवलं, आणि ते योग्यच होतं असं माझं मत आहे. पेज खोटं नव्हतंच. ती तक्रार फेटाळली गेली असती, किंवा पेज कायमचं बंद होऊन संघाचा सगळा संग्रह गेला असता. त्यांनी लोकांना फसवणुकीच्या नेमक्या पोस्टची तक्रार करायला सांगितलं, पण त्याआधी स्क्रीनशॉट घ्यायला सांगितलं, ज्यात खाते क्रमांक, वेळ आणि पेजचा पत्ता दिसेल असा. पेज परत मिळवण्याचा अर्ज ज्यांचं खातं फुटलं त्यांनीच, नेहमीच्या फोनवरून, facebook.com/hacked इथून केला.

ज्यांनी पैसे भरले होते त्यांच्यासाठी पत्रात वेगळा परिच्छेद होता. ‘हे वाचून होताच तुमच्या बँकेला फोन करा, आमच्या उत्तराची वाट पाहू नका.’ कार्डाने पैसे गेले असतील तर व्यवहारावर हरकत घेता येते. खात्यातून खात्यात पाठवलेले पैसे परत आणणं अवघड असतं. ते पुढे दुसऱ्या खात्यात वळते होण्याआधी पलीकडचं खातं गोठवलं गेलं तरच काही हाती लागतं. तो वेळ बहुधा तासांतच मोजावा लागतो. मग पोलिसांत तक्रार, व्यवहार क्रमांकासह. आणि पुढे एक इशारा होता, जो फार थोड्या पत्रांत असतो: ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी प्रक्रिया शुल्क भरा, असा फोन येईल. तोही फसवणुकीचाच भाग असेल.’ ज्यांनी पैसे भरल्याचं पेजवर लिहिलं होतं, त्यांची नावं चोरांकडे होतीच. म्हणूनच अध्यक्षांनी फसलेल्यांपैकी कुणाचंही नाव पत्रात घातलं नाही.

काही सभासदांनी संघाकडे पावती मागितली. ‘आम्ही तर संघालाच दिले,’ असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यांचा राग मला समजतो. खजिनदारांनी पावती दिली नाही. न आलेल्या रकमेची पावती दिली की हिशेब खोटा होतो आणि पोलिसांतली तक्रारही लंगडी पडते. त्याऐवजी संघाने प्रत्येकाला लेखी दिलं की अमुक तारखेला अमुक खात्यात भरलेली ही रक्कम संघाकडे आलेली नाही आणि ते खातं संघाचं नाही. हा कागद बँकेत आणि पोलिसांत दोन्हीकडे जोडता आला. पेज परत मिळाल्यावर कार्यकारिणीने अ‍ॅडमिनची यादी उघडून अनोळखी नावं काढली आणि जुन्या पदाधिकाऱ्यांनाही आभार मानून कमी केलं. चोराच्या पोस्ट त्यांनी पुसल्या, पण त्यांचे स्क्रीनशॉट तक्रारीला जोडून झाल्यावरच.