घबराटीत सोनं, डॉलर की सरकारी रोखे?

नमस्कार श्रोतेहो. शेअर बाजार कोसळला, की आपल्या नागपूरच्या इतवारीच्या सराफ्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "भाऊ, सोनं काही पडत नाही." पडतं. बरेचदा तर घबराटीच्या ऐन भरातच पडतं.

मार्च २०२० आठवा. ९ तारखेच्या सुमारास जगाच्या बाजारात सोनं औंसाला, म्हणजे साधारण ३१ ग्रॅमला, १,६८० डॉलरच्या आसपास होतं. दहा दिवसांत ते १,४७० वर आलं. त्याच दिवसांत अमेरिकी सरकारचे रोखेही, म्हणजे सरकार कर्ज घेताना देते ते कागदही, घसरले. कारण साधं आहे. उधारीवर सौदे केलेल्यांना दलाल म्हणत होते, आजच्या आज पैसे भरा. अशा वेळी माणूस नकोसं ते विकत नाही, विकलं जाईल ते विकतो. सोन्याला आणि रोख्यांना गिऱ्हाईक होतं, म्हणून तेच विकले गेले. कर्जं डॉलरमध्ये फेडायची होती, म्हणून चढला तो डॉलर. पुढे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने २३ मार्चला हवे तेवढे रोखे विकत घेण्याची तयारी दाखवली, तेव्हा रोखेबाजार सावरला.

मग नागपुरातल्या माणसाने डॉलर घेऊन ठेवायचे का? गंमत अशी, की सोन्यात डॉलर थोडा आपोआप येतो, कारण आपल्याकडचा भाव जगातल्या डॉलरमधल्या भावावरून निघतो. २००८ च्या जागतिक घबराटीचा हिशेब करू. मार्चमध्ये औंस सुमारे १,००० डॉलर आणि डॉलर ४० रुपयांचा, म्हणजे ४०,००० रुपये. ऑक्टोबरअखेर औंस ७३० वर आला, पण डॉलर ४९ ला गेला. गुणाकार ३५,७७० रुपये. डॉलरमध्ये घसरण २७ टक्के, रुपयात साडेदहा. आपल्याला वाचवलं ते रुपयाच्या पडण्याने! जपानचा येनही त्या वर्षी चांगलाच वधारला होता, पण येन घ्यायला सीताबर्डीत कोण जाणार?

भारत सरकारचे रोखे त्याच काळात वेगळेच वागले. दहा वर्षांच्या रोख्यावरचा परतावा जुलै २००८ मध्ये नऊ टक्क्यांच्या वर होता, वर्षअखेर साडेपाचच्या खाली आला. परतावा उतरला की जुन्या रोख्याची किंमत चढते, म्हणजे ज्यांच्याकडे ते होते त्यांना फायदाच झाला. मात्र रिझर्व्ह बँक व्याजदर कमी करत होती, म्हणून हे घडलं. महागाईमुळे दर वाढत असतील, तर हाच रोखा मधेच विकताना तोटा देतो. मुदतीपर्यंत ठेवला तर मुद्दल पूर्ण मिळते.

आता थोडं विकण्याबद्दल. दागिना मोडताना घडणावळ परत मिळत नाही, वर घट कापली जाते. म्हणजे भाव दहा टक्के चढला, तरी ते दहा टक्के आपल्या हातात येत नाहीत. आणि एप्रिल २०२० मध्ये वायदेबाजारात सोन्याने उच्चांक गाठला, तेव्हा टाळेबंदी चालू होती. ज्यांना पैशाची खरी निकड होती, त्यांचं सोनं कपाटात होतं आणि इतवारीतली शटरं खाली.