चीर, सारण आणि घाणा : सोलापूरची भरली मिरची भजी

(दृश्य : संध्याकाळची गल्ली, पेटणाऱ्या शेगड्या)

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे एकाच गल्लीत तेलुगू, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषा कानावर पडतात, तिथे ऊन कलले की भज्यांच्या गाड्यांवर कढया चढू लागतात. कांद्याची आणि बटाट्याची भजी या गाड्यांवरही मिळतात, पण माणसे खोळंबून उभी राहतात ती भरल्या मिरचीच्या भज्यासाठी. घरी हेच भजे करताना अनेकांना एक अनुभव येतो : वरचे आवरण सोनेरी होते, आणि दाताखाली मात्र कच्ची, कचकचीत, हिरव्या वासाची मिरची येते. गाड्यावरची मिरची आतपर्यंत शिजलेली असते, आणि तिचे निम्मे शिजणे शेगडी पेटण्याच्या कितीतरी आधी, दुपारी सुरी फिरते तेव्हाच ठरलेले असते.

(दृश्य : मिरच्यांचा ढीग, निवडणारे हात)

भाजीवाले जिला ‘भज्याची मिरची’ म्हणून वेगळी ठेवतात, ती फिकट पोपटी, जाड सालीची, साधारण १२ ते १५ सेंटिमीटर लांबीची आणि बेताच्या तिखटाची असते. ठेच्याला लागणारी गडद, बारीक मिरची येथे चालत नाही, कारण तिच्या पोटात सारणाला जागा नसते. ज्या गाड्यावर हे चित्रीकरण झाले, तेथील मावशी मिरच्या निवडताना वाकड्या बाजूला टाकताना दिसतात. वाकड्या मिरचीला सरळ चीर पडत नाही, आणि तेलात तिचा बाक वर राहिल्याने एक बाजू मागे राहते. निवडलेल्या मिरच्या धुऊन लगेच कापडाने कोरड्या केल्या जातात. मिरचीची साल मुळातच मेणचट असते. त्यावर पाणी राहिले तर पीठ धरत नाही आणि तेल उडते.

(दृश्य : सुरीचे टोक, अगदी जवळून)

आता चीर. देठाखाली बोटभर जागा सोडून सुरीचे टोक आत जाते, मिरचीच्या लांबीने सरळ खाली येते आणि शेंड्याच्या अर्धा इंच आधी थांबते. दोन्ही टोके अखंड राहिली पाहिजेत आणि सुरी एकाच बाजूच्या सालीतून गेली पाहिजे. ती पलीकडच्या सालीत रुतली, तर मिरची तेलात उलगडते आणि सारण कढईभर पसरते. देठ काढला जात नाही. मावशींना कारण विचारले तेव्हा त्यांनी हातातले काम न थांबवता उत्तर दिले, “देठ काढला की मिरची धरायची कुठं?” पिठात बुडवताना आणि तेलात सोडताना बोटांना आधार देठाचाच असतो.

चिरेतून अंगठ्याच्या नखाने आतला पांढरा गाभा आणि बिया काढल्या जातात. तिखटपणा बियांत असतो असा समज आहे. प्रत्यक्षात तिखट करणारे कॅप्सेसिन या पांढऱ्या गाभ्यात तयार होते आणि बियांना ते केवळ लागलेले असते. त्यामुळे बिया झटकून गाभा तसाच ठेवला, तर तिखटपणा फारसा उतरत नाही. हे काम रोज करणाऱ्या बोटांची आग रात्रीपर्यंत राहते.

(दृश्य : तीन मिरच्या, तीन प्रकारे चिरलेल्या)

चिरेचे काम समजावे म्हणून या गाड्यावर तीन मिरच्या एकाच तेलात तळून घेतल्या. पहिलीला चीर दिलीच नाही, दुसरीला मध्यभागी दोन बोटांएवढी दिली, आणि तिसरीला रीतसर पूर्ण दिली. चीर नसलेली मिरची ही पोकळ, बंद नळी असते. तिच्या आतील हवा उष्णता नीट वाहून नेत नाही, आणि सालीतील पाण्याची वाफ कोंडत जाते. कोंडलेली वाफ शेवटी पिठासकट साल फोडून बाहेर पडते. येथे ती फुटली तेव्हा कढईवर झाकण धरलेले होते, म्हणून कोणाला भाजले नाही. दुसरी मिरची फुटली नाही, परंतु कापून पाहिल्यावर चिरेजवळचा भाग मऊ आणि दोन्ही टोकांकडचा भाग हिरवा व कडक दिसतो. तिसऱ्या मिरचीची साल देठापासून शेंड्यापर्यंत एकाच फिक्या, शेवाळी रंगाची झाली आहे आणि बोटाने दाबताच ती दबते. वाफेला बाहेर पडण्यासाठी आणि उष्णतेला सारणापर्यंत पोहोचण्यासाठी ही एकच लांब वाट पुरेशी ठरते.

(दृश्य : पाटा-वरवंटा, शेंगदाण्याचे कूट)

सारण अर्थातच शेंगदाण्याचे. बटाटा भरलेली मिरची इतरत्र खुशाल खावी, पण ज्या शहराची शेंगाचटणी गावोगावी जाते, तेथे मिरचीच्या पोटात बटाटा शोधण्याचे कारण नाही. दहा मिरच्यांना एक वाटी भाजलेल्या शेंगदाण्यांचे भरड कूट, दोन चमचे भाजलेले तीळ, जिरे, ओवा, मीठ आणि चिंचेचा घट्ट कोळ इतके पुरते. कोळ चमच्या-चमच्याने घालावा आणि सारण मुठीत वळले की थांबावे. सैल सारणातील पाणी तेलात गेल्यावर उकळते आणि पीठ आतून ढकलून देते. भरणही बेताचे असावे. ठासून भरलेल्या मिरचीची चीर मिटत नाही, आणि मधला भाग जाड झाल्याने तिथे उष्णता पोहोचायला वेळ लागतो. म्हणूनच चिरेच्या कडा बोटांनी जवळ आणल्यावर जेमतेम एकमेकींना टेकतील, इतकेच सारण घातलेले येथे दिसते.

(दृश्य : पीठ भिजवणे)

पाव किलो बेसनाला दोन चमचे तांदळाचे पीठ, मीठ, हळद, ओवा आणि चिमूटभर सोडा. पाणी थोडेथोडे घालत पीठ चमच्याच्या पाठीवर जाड बसेल आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ लगेच भरून येणार नाही, इतके घट्ट ठेवायचे. सोडा जास्त झाला की भजे तेल पिते; शिवाय हळदीचा रंग सोड्याने लालसर होतो, त्यामुळे न शिजलेले भजेही शिजल्यासारखे दिसू लागते.

मिरची पिठात बुडवून बाहेर काढल्यावर मावशी ती सरळ तेलात सोडत नाहीत. चिरेची बाजू त्या पातेल्याच्या काठावर अलगद पुसून घेतात. ही हालचाल इतकी झटपट होते की चित्रीकरणात ती संथ करून दाखवावी लागली आहे. त्या बाजूला पिठाचा केवळ पातळ पापुद्रा उरतो. उरलेल्या तीन बाजूंना जाड आवरण आणि चिरेवर पापुद्रा, अशा रीतीने वाफेचा दरवाजा मोकळा राहतो आणि त्या पट्ट्यात तेलाची उष्णता सालीपर्यंत थेट पोहोचते.

(दृश्य : कढई, तेलावरचे बुडबुडे)

तेलाची परीक्षा पिठाच्या थेंबाने होते. थेंब तळाशी जाऊन रेंगाळत वर आला, तर तेल थंड आहे. पडताच क्षणभरात वर येऊन बुडबुड्यांनी वेढला गेला, पण रंग बदलला नाही, तर तेल तयार आहे. वर येताच तपकिरी झाला, तर आच कमी करून थांबले पाहिजे. तापमापकाच्या भाषेत ही मधली अवस्था साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसची असते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे पुढचे सारे उलगडते. तेल कितीही तापले, तरी मिरचीत पाणी आहे तोपर्यंत तिचा आतला भाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. त्यामुळे आच वाढवल्याने मिरची विशेष लवकर शिजत नाही. वरचे बेसन मात्र लवकर करपते. मिरचीला सुमारे चार मिनिटे हवी असतात, आणि फार तापलेल्या तेलात बेसन दोन मिनिटांतच रंग पकडते. घरची भजी आतून कच्ची राहतात ती बहुतेक वेळा या दोन मिनिटांच्या तफावतीमुळे. चीर मिरचीला लागणारा वेळ कमी करते आणि मध्यम आच बेसनाला जास्त वेळ टिकू देते. कारागिराचे कौशल्य या दोन्ही वेळा एकमेकींना भेटवण्यात आहे.

म्हणूनच मिरच्या सोडताना तेल १७५ अंशांच्या आसपास असते आणि सोडल्यावर ते १६० च्या जवळ उतरलेले चालते. त्या पहिल्या उष्णतेत पीठ झटक्यात बांधले जाते, आणि नंतर आच मध्यम ठेवून आतले शिजणे होते. पण कढईत एक लिटर तेल असताना आठ-दहा मिरच्या एकदम पडल्या, तर तेल त्याहून बरेच खाली जाते, पीठ बांधले न जाता ओघळते, चीर उघडते आणि भजी तेलकट होतात. चार मिरच्यांचा घाणा हा त्या कढईला मानवणारा घाणा आहे.

(दृश्य : झाऱ्यावर उलटणारी भजी, मूळ आवाज तसाच ठेवावा)

पहिले मिनिटभर झारा लावला जात नाही. आवरण घट्ट झाल्यावर भजे उलटले जाते, आणि मग ते सतत फिरत राहते. आधी बुडबुडे मोठे आणि आवाज चरचरीत असतो. मिरचीतील पाणी उडत जाते तसे बुडबुडे बारीक होतात आणि आवाज उतरतो. बाहेर काढण्याची वेळ मावशी रंगापेक्षा या आवाजावरून ओळखतात. खात्री करायचीच असेल, तर देठाजवळ काडी टोचून पाहावी. ती सहज आत गेली म्हणजे भजे झाले.

पुन्हापुन्हा तापलेल्या तेलाबाबत अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे : तेल खराब होत जाते तशी त्यात वाढणारी एकूण ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली, की ते तेल वापरता येत नाही.

(दृश्य : जाळीवर निथळणारी भजी, पुढचा घाणा)

काढलेली भजी ताटात एकावर एक रचत नाहीत, तर जाळीवर चिरेची बाजू वर करून ठेवतात. नाहीतर आतून निघणारी वाफ खाली अडकते आणि आवरण मऊ पडते. पुढच्या घाण्याआधी तेलात तरंगणारा पिठाचा चुरा झाऱ्याने गाळून घेतला जातो, कारण तोच आधी जळतो आणि नव्या भज्यांना काळे ठिपके देतो. मग तेल पुन्हा तापेपर्यंत गिऱ्हाइकांना थांबावे लागते. कोणी घाई केली, तर मावशी पिठाचा एक थेंब कढईत टाकून दाखवतात. तो अजून तळाशीच असतो.