नाचणीचा मोदक आणि परीक्षकाचे चार रकाने

(परीक्षकांसाठी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पाककला स्पर्धेच्या गुणपत्रिकेवर चार रकाने असतात: चव, कौशल्य, मांडणी आणि दिलेल्या घटकाचा वापर. भांडण होतं ते एकच दोष चारही रकान्यांत मोजला जातो म्हणून. आज एकच पदार्थ घेऊ या. अट आहे नाचणीची आणि समोर आलाय नाचणीचा उकडीचा मोदक. गुणांची विभागणी अशी धरू: चवीला ४०, कौशल्याला २५, घटकाला २० आणि मांडणीला १५.

मांडणीचे गुण मोदक फोडायच्या आधीच लिहून टाकायचे. एकदा घास तोंडात गेला की डोळे जिभेचं ऐकायला लागतात. नाचणीचा रंग मातकट असतो, त्याबद्दल गुण कापू नका. स्पर्धकानं त्या रंगाचं काय केलं ते बघा. केळीच्या पानावर ठेवला, बाजूला पांढरं खोबरं दिलं, तर तो रंग खुलतो. गडद तपकिरी ताटलीत ठेवला तर मोदक दिसतच नाही. आणि ताटलीतली प्रत्येक गोष्ट खाता आली पाहिजे; टूथपिकनं टोचलेली प्लास्टिकची फुलं सजावटीत धरायची नाहीत.

आता कौशल्य. इथे जरा थांबू. नाचणीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे पारी धरून ठेवायचं काम उकळत्या पाण्यात फुललेला स्टार्च करतो. म्हणून वाटीभर पिठाला वाटीभर किंवा किंचित जास्त पाणी घ्यायचं, ते खळखळून उकळल्यावरच पीठ घालायचं, झाकण ठेवून वाफ काढायची आणि गरम असतानाच मळायचं. यातलं काही चुकलं की मोदकावर दिसतं. कळ्यांच्या कडांना बारीक चिरा असतील तर उकड कोरडी राहिली किंवा गार झाल्यावर मळली. पोटाला मोठी भेग जाऊन गूळ बाहेर आला असेल तर पारी तिथे पातळ होती, किंवा सारण ओलं होतं. मोदक बसका झाला, बोटाला चिकटला, तर पाणी जास्त झालं. मग सुरीनं उभा कापा. पारी सगळीकडे सारखी आहे का बघा. तळाशी बहुतेक वेळा पिठाचा गोळा राहतो, आणि तिथेच मोदक आतून कच्चट निघतो.

भेगेचे गुण कौशल्यात कापले की तो हिशेब तिथे संपला. मांडणीत पुन्हा कापायचे नाहीत. चवीत कापायचे ते जिभेला काही लागलं तरच. गूळ गळून सारण कोरडं झालं असेल तर जरूर कापा.

चव बघताना आधी सारणाशिवाय नुसत्या पारीचा तुकडा खा. गूळ आणि वेलदोडा भल्याभल्या चुका झाकतात. पारी कचकचली तर पीठ चाळलेलं नाही; पिठूळ लागली तर वाफ कमी पडली. त्यानंतर सारणासकट घास. नाचणीची भाजकी, मातीसारखी चव गुळाखाली दबली नाही ना, तेही बघा. दोन पदार्थांच्या मध्ये पाणी आणि चिमूटभर कुरमुरे पुरे.

घटकाच्या रकान्यात एकच प्रश्न विचारा: नाचणी काढून टाकली तर काय उरेल? मैद्याच्या केकमध्ये दोन चमचे नाचणी आणि वरून कोको असेल, तर केक तसाच राहील, त्यामुळे गुण कमी. मोदकात थोडं तांदळाचं पीठ घातलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. पारी वळायला सोपी जावी म्हणून ते घालतात. पण तांदूळच जास्त असेल तर नाचणी फक्त रंगापुरती उरली.

आपला मोदक असा धरा: दोन भाग नाचणी, एक भाग तांदूळ, दोन कळ्यांना चिरा, तळ जाड, सारण उत्तम, पारी शिजलेली पण जरा दडस, पानावर नीट ठेवलेला. मी चवीला ३१, कौशल्याला १५, घटकाला १७, मांडणीला ११ देईन. एकूण ७४. तुमचे ७० झाले तरी हरकत नाही, पण कौशल्यात १५ ऐवजी २२ झाले असतील तर तळ कापून बघितला का, हे मी विचारणार.

पहिल्या ताटाचे गुण पेन्सिलनं लिहा. तीन-चार पदार्थ चाखल्याशिवाय आपली पट्टी ठरत नाही, म्हणून नंतर एकदा मागे येऊन ते तपासा. आणि शेजारच्या परीक्षकाशी बोलायचं ते कागद जमा केल्यावर.

एक गोष्ट आयोजकांसाठी. उकड गार झाली की स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि पारी ताठरते. अर्धा तास टेबलावर राहिलेल्या मोदकाला ताठर म्हणून गुण कापणं हा अन्याय आहे, कारण उशीर स्पर्धकानं केलेला नाही. वाफेचे पदार्थ आधी चाखायला घ्या. लाडू, वड्या, चिवडा मागाहून आले तरी चालतात. बरोबरी झाली तर चवीचे गुण बघायचे, तेही सारखे असले तर घटकाचे, आणि हे स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच फळ्यावर लिहून ठेवायचं.