सौदा मंगळवारचा, शेअर बुधवारचे

मागच्या महिन्यातल्या व्याख्यानानंतर सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांनी मला जिन्यात गाठले आणि विचारले, “भाजीवाल्याला मोबाइलवरून दिलेले पैसे दोन सेकंदांत पोचतात, मग माझे शेअर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुठे अडकलेले असतात?” प्रश्न रास्त आहे, आणि आजचे व्याख्यान मी त्याच्याच उत्तरासाठी ठेवले आहे. त्यांच्या उदाहरणात एक गंमत दडलेली आहे, ती आधी सांगतो. भाजीवाल्याच्या खात्यात रक्कम लगेच दिसते हे खरे, पण तुमची बँक आणि त्याची बँक यांच्यातला हिशेब त्या सेकंदाला पुरा होत नाही. दिवसभरात ठरावीक फेऱ्यांमध्ये सगळ्या देण्या-घेण्याची वजावट होते आणि उरलेली रक्कमच एका बँकेकडून दुसरीकडे जाते. म्हणजे तिथेही सौदा आधी आणि फेड नंतर, असेच चालते. शेअर बाजारात हे अंतर आपल्याला उघड दिसते, एवढाच फरक.

ज्यांना कागदी शेअरचा काळ आठवतो त्यांना एक दिवस म्हणजे चैनच वाटेल. पुण्याचा स्वतःचा शेअर बाजार कुमठेकर रस्त्यावर होता त्या दिवसांत मी एका कंपनीचे पन्नास शेअर घेतले होते. प्रमाणपत्राला ट्रान्सफर फॉर्म जोडायचा, त्यावर शेअर हस्तांतराची तिकिटे चिकटवायची आणि सगळे कंपनीच्या रजिस्ट्रारकडे पाठवायचे, अशी रीत होती. दीड महिन्याने माझे पाकीट परत आले, कारण विकणाऱ्याची सही कंपनीकडच्या नमुन्याशी जुळत नव्हती. याला ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणत, आणि मग त्या अनोळखी विक्रेत्याची नवी सही मिळवण्यासाठी दलालामागे खेटे घालावे लागत. 1996 च्या डिपॉझिटरी कायद्याने आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या एनएसडीएलने, म्हणजे शेअर कागदाऐवजी संगणकावरच्या खात्यात ठेवणाऱ्या डिपॉझिटरीने, हा कागद संपवला. पुढे 2002 च्या एप्रिलपासून सौद्यानंतर तिसऱ्या दिवशी, 2003 च्या एप्रिलपासून दुसऱ्या दिवशी आणि टप्प्याटप्प्याने 27 जानेवारी 2023 पर्यंत सगळ्याच शेअरसाठी पुढच्याच कामकाजाच्या दिवशी फेड होऊ लागली. अमेरिकेने हा टप्पा 28 मे 2024 रोजी गाठला, म्हणजे या बाबतीत आपण पुढे होतो.

पण कागद गेला तरी एक दिवस उरलाच. तो का, हे समजण्यासाठी एक सौदा जवळून पाहू. मंगळवारी सकाळी तुम्ही एका कंपनीचे 100 शेअर 402 रुपयांना घेतले. विकणारा कोण हे तुम्हाला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही, कारण सौदा जुळल्यावर क्लिअरिंग कॉर्पोरेशन नावाची संस्था दोघांच्या मध्ये येते. राष्ट्रीय शेअर बाजारासाठी एनएसई क्लिअरिंग आणि मुंबई शेअर बाजारासाठी आयसीसीएल या त्या संस्था. ती कायद्याने तुमच्यासाठी विकणारी होते आणि विकणाऱ्यासाठी घेणारी. समोरचा माणूस बुडाला, पळाला किंवा विसरला, तरी तुमचा व्यवहार या संस्थेशी असल्यामुळे तो उभा राहतो. हे ओझे ती फुकट उचलत नाही. म्हणूनच तुमच्या ब्रोकरला सौद्यापूर्वी तुमच्याकडून मार्जिन, म्हणजे अनामत, घ्यावे लागते, सर्वसाधारणपणे किमतीच्या किमान 20 टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात 40,200 पैकी 8,040 रुपये.

साडेतीनला बाजार बंद होतो आणि खरे काम तेव्हा सुरू होते. समजा, तुमच्या ब्रोकरच्या सगळ्या ग्राहकांनी मिळून त्या दिवशी याच कंपनीचे 900 शेअर घेतले आणि 700 विकले. या 1600 शेअरची इकडून तिकडे ने-आण करण्यात अर्थ नाही. वजावट केली की ब्रोकरच्या पातळीवर बाहेरून यायचे फक्त 200 शेअर उरतात. पैशांची वजावट तर त्याहून मोठी, कारण तिथे एका कंपनीपुरते थांबायचे नसते. ग्राहकांनी सगळ्या कंपन्यांत मिळून 40 लाखांची खरेदी आणि 36 लाखांची विक्री केली असेल, तर ब्रोकरला क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे फक्त 4 लाख भरायचे असतात. उलाढाल 76 लाखांची, पैसे हलले चार लाखांचे. सगळ्या ब्रोकरांचा असा हिशेब मंगळवारी संध्याकाळी बनतो, परदेशी संस्थांचे सौदे त्यांचे शेअर सांभाळणाऱ्या कस्टोडियन बँका कबूल करतात किंवा नाकारतात, आणि कोणी काय द्यायचे नि काय घ्यायचे याचा आकडा प्रत्येकाकडे पोचतो.

बुधवारी सकाळी पे-इन, म्हणजे देणाऱ्यांनी शेअर आणि पैसे जमा करायचे. दुपारी पे-आउट, म्हणजे घेणाऱ्यांना ते मिळायचे. या दोहोंच्या मध्ये सगळे क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या ताब्यात असते, त्यामुळे पैसे भरले पण शेअर नाहीत किंवा शेअर दिले पण पैसे नाहीत, अशी स्थिती कोणावर येत नाही. पूर्वी पे-आउटचे शेअर ब्रोकरच्या सामायिक खात्यात जात आणि तिथून तो ते ग्राहकाला देई. काही ब्रोकरांनी ते मधल्यामध्ये गहाण टाकल्याची प्रकरणे झाल्यावर बाजाराची नियामक संस्था सेबीने ही वाट बंद केली, आणि 2025 च्या फेब्रुवारीपासून शेअर थेट तुमच्या डिमॅट खात्यात जमा होतात. विकणाऱ्याच्या बाजूलाही शेअर त्याच्याच खात्यात अडवून ठेवण्याची सोय आता सक्तीची आहे.

आता कोणी म्हणेल, ही वजावट संगणक मिनिटात करील. बरोबर आहे, आणि बाजाराने तेही करून पाहिले आहे. 28 मार्च 2024 पासून निवडक 25 शेअरमध्ये त्याच दिवशी फेड होणारे ऐच्छिक सौदे सुरू झाले. त्यात दुपारी दीडपर्यंत सौदे आणि साडेचारपर्यंत फेड. तरीही बाजार तिकडे लोटला नाही, आणि माझ्या मते यात सुस्तीचा भाग कमी आणि पैशांचा जास्त आहे. प्रत्येक सौदा त्या क्षणी पूर्ण करायचा, तर वर सांगितलेल्या ब्रोकरला आणि त्याच्या ग्राहकांना चार लाखांऐवजी चाळीस लाख हातात तयार ठेवावे लागतील, कारण विक्रीतून येणारे 36 लाख खरेदीत वळते करायला मुभाच उरणार नाही. न्यूयॉर्कमधल्या फंडाला तर आपल्या सकाळच्या सौद्यासाठी त्याच्या मध्यरात्री रुपये विकत घेऊन ठेवावे लागतील. म्हणून हा एक दिवस मला उशीर वाटत नाही. कमी पैशांत जास्त सौदे पेलण्यासाठी आपण मोजलेली ती किंमत आहे.

किंमत म्हटले की धोका आला. आपल्याच उदाहरणात विकणाऱ्याकडे शेअर नव्हतेच असे धरा. त्याने मंगळवारी सकाळी 402 ला विकले ते दुपारी स्वस्तात परत घेऊन फरक खिशात टाकण्यासाठी. पण आदल्या दिवशीचा बंद भाव 400 होता, एका दिवसात भाव किती वर-खाली जाऊ शकतो याची मर्यादा, म्हणजे सर्किट, 10 टक्के होती, आणि दुपारी शेअर 440 वर जाऊन अडकला. घेणारे शेकडो, विकणारा एकही नाही. त्याला शेअर परत घेता आले नाहीत आणि बुधवारी पे-इनला तो रिकाम्या हाताने आला. याला शॉर्ट डिलिव्हरी म्हणतात.

मग क्लिअरिंग कॉर्पोरेशन बुधवारीच त्या शेअरसाठी ऑक्शन, म्हणजे लिलाव, लावते, आणि कोणी विकायला पुढे आला तर तुम्हाला शेअर गुरुवारी मिळतात. पण बुधवारीही शेअर वरच्या सर्किटला, म्हणजे 484 ला अडकला आणि ऑक्शनमध्ये कोणीच आले नाही, तर सौदा पैशांत मिटवतात. नियम असा की, सौद्याच्या दिवसापासून ऑक्शनच्या दिवसापर्यंतचा सर्वांत चढा भाव किंवा ऑक्शनच्या दिवशीच्या बंद भावावर 20 टक्के, यांतला जो जास्त तो लावायचा. चढा भाव 484; बंद भावावर 20 टक्के धरले तर 580 रुपये 80 पैसे. तुम्हाला 58,080 रुपये मिळतात आणि ते विकणाऱ्याच्या खिशातून जातात. 40,200 ची विक्री करून त्याने 17,880 रुपये घालवले, दंड आणि दलाली वेगळी. तुम्ही हे ऐकून खूश झाला असाल, पण तुम्हाला शेअर मिळाले नाहीत हे विसरू नका, आणि तुम्ही तो दहा वर्षे ठेवायला घेतला असेल तर ही रक्कम सांत्वनापुरतीच आहे.

खरी पंचाईत वेगळ्याच माणसाची होते. मंगळवारी घेतलेले शेअर डिमॅटमध्ये येण्याआधीच, बुधवारी सकाळी विकता येतात, आणि बरेच लोक विकतात. तुम्ही तसे केले आणि त्याच दुपारी तुमच्या वाट्याला शॉर्ट डिलिव्हरी आली, तर गुरुवारच्या पे-इनला देण्यासाठी तुमच्याकडे शेअर नसण्याची वेळ येते. काही चूक न करता तुम्हीच आता कमी पडलेले विक्रेते ठरता. म्हणून सर्किटला लागलेल्या किंवा फारसे सौदे न होणाऱ्या शेअरमध्ये हा उद्योग करू नये, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. शेअर आले की नाही हे ब्रोकरच्या ॲपवरून ओळखू नका. तिथे खरेदी लगेच दिसते. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून जमा झाल्याचा संदेश येतो, तो खरा. संध्याकाळपर्यंत तो आला नाही तर ब्रोकरला शॉर्ट डिलिव्हरीबद्दल विचारावे.

लाभांशाबद्दल मघाशी चिठ्ठी आली आहे. कंपनी रेकॉर्ड तारखेला डिपॉझिटरीकडून लाभार्थी मालकांची यादी घेते. तुमचे नाव त्या दिवसाच्या अखेरीस यादीत असायचे, तर खरेदी निदान एक कामकाजाचा दिवस आधी हवी. त्याच दिवशी घेतलेला शेअर लाभांशाविना येतो, म्हणूनच आता एक्स तारीख, म्हणजे लाभांशाविना सौदे सुरू होण्याचा दिवस, आणि रेकॉर्ड तारीख बहुधा एकच असते. दुसऱ्या चिठ्ठीत कोणीतरी लिहिले आहे की, शिवजयंतीच्या आदल्या दिवशी घेतलेले शेअर दोन दिवसांनी आले, तेव्हा ब्रोकरने गोंधळ केला का? नाही. 19 फेब्रुवारी 2025 ला, बुधवारी, बाजार चालू होता पण महाराष्ट्रात बँकांना सुटी होती. बँका बंद म्हणजे पैशांची फेड नाही, आणि पैशांशिवाय शेअर सुटत नाहीत. त्यामुळे मंगळवारचे आणि बुधवारचे असे दोन्ही दिवसांचे सौदे गुरुवारी, 20 तारखेला फिटले.