तेलुगू का नाही लिहिलंत?

नमस्कार श्रोते हो.

बायोडेटाच्या शेवटी 'स्किल्स' नावाचा चौकोन असतो. तो बहुतेक जण सगळ्यात शेवटी भरतात, घाईत भरतात आणि मित्राचा समोर ठेवून भरतात. आज फक्त त्या चौकोनाबद्दल बोलू. लहान कारखान्यांना, पेढ्यांना माणसं निवडून देण्याचं माझं काम. त्यामुळे हा चौकोन मी भरत नाही, वाचतो. मुलाखतीत पहिला प्रश्न मला त्यातूनच सापडतो.

त्या एका चौकोनात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एक, साधनं. एक्सेल, टॅली, मराठी टायपिंग. दोन, स्वभावाचे गुण. म्हणजे ते 'टीम प्लेअर', 'हार्ड वर्किंग', 'लीडरशिप'. तीन, भाषा. पुन्हा सांगतो: साधनं, स्वभाव आणि भाषा. तिघांची परीक्षा वेगळी असते, म्हणून तिघांची जागाही वेगळी हवी. साधन करून दाखवता येतं. स्वभाव दाखवता येत नाही, तो पूर्वी केलेल्या कामातून कळतो. आणि भाषा? ती समजणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं ही चार निरनिराळी कामं आहेत. एक येतं म्हणून बाकीची तीन येतात असं नाही.

जुन्या सरकारी अर्जात 'वाचता, लिहिता, बोलता' असे तीन रकाने असायचे आणि त्यात बरोबरच्या खुणा करायच्या. आपण त्या अर्जाला हसलो. पण आजच्या रंगीत बायोडेटात इंग्रजीपुढे पाच चांदण्या आणि हिंदीपुढे चार काढलेल्या असतात, त्यापेक्षा ते तीन रकाने कितीतरी शहाणे होते. (चांदण्या काढून देणाऱ्या त्या तयार नमुन्यांवर माझा रागच आहे. त्यात फोटोसाठी एवढा मोठा गोल सोडतात, की कामाचा अनुभव लिहायला जागाच उरत नाही. असो.)

आता सोलापूरची गोष्ट सांगतो.

तिथले एक व्यापारी टॉवेल आणि चादरी बाहेर पाठवतात. त्यांचा बराच माल आंध्रात जातो. गुंटूर, राजमहेंद्री आणि आसपासच्या गावांतल्या दुकानदारांकडे. त्यांना ऑफिसात एक माणूस हवा होता. बिलं बघायची, आलेले पैसे जुळवायचे, उधारीसाठी फोन करायचे. मी मुलाखतींना बसलो होतो. एक मुलगी आली. बी.कॉम. झालेली, आधी एका पतसंस्थेत काम केलेलं. तिच्या बायोडेटात एक्सेलपुढे निळी पट्टी, ८० टक्के भरलेली. खाली 'टाइम मॅनेजमेंट, लीडरशिप, कम्युनिकेशन'. भाषा तीन: मराठी, हिंदी, इंग्रजी. इंग्रजीपुढे 'फ्लुएंट'.

मी म्हटलं, "एक्सेल ८० टक्के म्हणजे कशाच्या ८० टक्के?"

ती हसली. म्हणाली, "सर, तो नमुन्यातच होता आकडा."

मालकांकडची एक खरी फाइल तिला दिली. एका पानावर पाठवलेली बिलं, दुसऱ्या पानावर आलेले पैसे, दोन्हीकडे बिल नंबर. साठ-सत्तर ओळी असतील. कुठल्या बिलाचे पैसे आले नाहीत, एवढंच शोधायचं. तिने VLOOKUP लावलं. सूत्र बरोबर लिहिलं होतं. पण अर्ध्या ओळींत #N/A आलं. बिल नंबर दोन्ही पानांवर डोळ्यांना दिसतोय आणि संगणक म्हणतो सापडत नाही!

हे का होतं, ते रोज एक्सेलवर काम करणाऱ्याला लगेच कळतं. एका पानावर बिल नंबर आकडा म्हणून पडलेला असतो, दुसऱ्यावर अक्षर म्हणून. आकडा रकान्यात उजवीकडे चिकटतो, अक्षर डावीकडे. तेवढं पाहिलं की दुखणं कळतं. कधी नंबरच्या मागे एक रिकामी जागा टाइप झालेली असते, ती TRIM लावून काढावी लागते. क्लासमध्ये हे येत नाही, कारण क्लासमधली फाइल स्वच्छ असते. पण दुकानातल्या फाइलला चार जणांचे हात लागलेले असतात.

तिला ते सुचलं नाही. पण तिने काय केलं बघा. दोन्ही पानं बिल नंबरप्रमाणे क्रमाने लावली, शेजारी-शेजारी ठेवली, आणि एकेक ओळ बोट ठेवून जुळवली. वेळ लागला. उत्तर मात्र रुपयासकट बरोबर आलं. म्हणजे तिचं खरं एक्सेल किती? सॉर्ट, फिल्टर, बेरजा पक्क्या. VLOOKUP शिकलेलं, पण खराब फाइलवर अडणारं. हेच शब्द कागदावर असते तर मी तिला दुसरी फाइल दिली असती आणि तिचा घाम वाचला असता.

मालक म्हणाले, "अगं, हिशेब येतो तुला. पण गुंटूरवाल्यांशी बोलणार कोण? आमचा पोरगा हिंदीत फोन करतो, ते 'देखेंगे, भेजेंगे' म्हणतात आणि ठेवतात."

ती क्षणभर थांबून म्हणाली, "मी बोलू का? आमच्या घरी तेलुगूच बोलतात."

सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात, हे सोलापूरकराला सांगायला नको. मी विचारलं, "मग भाषांमध्ये तेलुगू का नाही लिहिलंत?"

"सर, लिहिता-वाचता येत नाही ना. शाळा मराठीत झाली. मग कसं लिहायचं?"

मालकांनी तिथेच फोन लावून दिला. चार महिने पैसे अडवून बसलेला दुकानदार होता. ती बोलायला लागली आणि आवाजच बदलला. इंग्रजीत स्वतःची ओळख सांगताना अडखळणारी मुलगी फोनवर दुकानदाराला आधी घरचं विचारत होती, मग बिलाचं. आम्हाला कळत काहीच नव्हतं, फक्त मधूनमधून 'रेंडु, रेंडु' ऐकू येत होतं. रेंडु म्हणजे दोन, एवढं मालकांना ठाऊक. फोन ठेवून ती म्हणाली, "ते पैसे द्यायला तयार आहेत. पण टॉवेलच्या दोन गाठी कमी पोचल्यात. ते दरवेळी सांगतात, पण इकडे कुणाला समजत नाही."

मालकांनी चलनं काढायला लावली. दोन गाठी खरंच ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडलेल्या निघाल्या.

तिला नोकरी मिळाली. जाण्याआधी तिचा तो चौकोन आम्ही दोघांनी बसून नव्याने लिहिला, आणि आजच्या भाषणाचा मुद्दा तोच आहे. तेलुगूसमोर लिहिलं: "घरची भाषा, फोनवर व्यवहार बोलू शकते, लिपी येत नाही." इंग्रजीसमोरचं 'फ्लुएंट' खोडलं आणि लिहिलं: "ईमेल वाचते, ठरावीक मजकुराची उत्तरं लिहिते, बोलण्याचा सराव कमी." कन्नड तिला बाजारापुरती समजत होती, तेही तसंच लिहिलं. 'टाइम मॅनेजमेंट' काढून टाकलं. पतसंस्थेत ती रोज काय करायची? पिग्मी एजंटांचा दिवसाचा भरणा संध्याकाळी बंद होण्याआधी पावत्यांशी जुळवायची. मग ते वाक्य अनुभवाच्या ओळीत घातलं. वेळ सांभाळते हे त्यातून वाचणाऱ्याला आपोआप कळतं. 'लीडरशिप'साठी मात्र काही सापडलं नाही, म्हणून ते गेलं.

ध्यानात घ्या, खोटं दोन्हीकडून होतं. नाही ते लिहिलं जातं, आणि आहे ते लिहायचं राहून जातं. घरची भाषा, आजोळची भाषा, शेजारची भाषा आपण लपवतो, कारण तिचं प्रमाणपत्र नसतं. अहिराणी, कोकणी, गुजराती, कन्नड, उर्दू. फक्त बोलता येत असेल तर 'फक्त बोलता येते' असं लिहा.

शिकलेल्या परदेशी भाषांबद्दल थोडक्यात. जर्मन, फ्रेंचसाठी ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या आहेत. युरोप परिषदेने ही मोजपट्टी २००१ साली प्रसिद्ध केली. ए-टू म्हणजे ओळखीच्या विषयावर साधी देवाणघेवाण. बी-वन म्हणजे प्रवासात, रोजच्या कामात निभावून नेणं. बी-टूला समोरच्या जर्मन माणसाशी दोघांनाही ताण न पडता बोलता यावं लागतं. परीक्षा दिली असेल तरच पायरी लिहा, आणि सोबत साल लिहा. नुसता क्लास केला असेल तर 'ए-टूचा अभ्यासक्रम पूर्ण, परीक्षा दिलेली नाही' असं लिहावं. जपानीचं अजून एक वेगळं आहे. तिथली एन-फाइव्ह ते एन-वन ही परीक्षा शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं एवढंच तपासते. बोलण्याची परीक्षाच त्यात नसते. म्हणून 'एन-थ्री उत्तीर्ण' लिहिलं तरी बोलणं किती जमतं ते स्वतंत्र लिहावं लागतं. पुण्यातल्या जपानी कंपनीत मुलाखतीला जाणारी मुलं नेमकी इथे अडकतात.

साधनांचंही तसंच. 'टॅली येतं' यातून मला काही कळत नाही. व्हाउचर एंट्री करता, बँकेचा ताळा घालता, की जीएसटीच्या विवरणपत्रापर्यंत जाता? साधनाचं नाव, त्यात केलेलं काम, आणि शेवटचं कधी केलं. पुन्हा सांगतो: नाव, काम, कधी. आपल्याकडे टायपिंगवाले हे वर्षानुवर्षं करत आलेत. मराठी ३०, इंग्रजी ४०, मिनिटाला एवढे शब्द. त्यात 'उत्तम' नाही, 'एक्स्पर्ट' नाही. (टायपिंग इन्स्टिट्यूटचा तो खडखडाट बंद झाला याचं मला अजून वाईट वाटतं, पण तो विषय वेगळा.)

प्रत्येक वेळी खरं लिहिल्यावर नोकरी मिळते असं मात्र नाही. जाहिरातीत बी-टू मागितलं असेल आणि तुम्ही ए-टूवर असाल, तर बोलावणं येणार नाही. ते न आलेलं बरं. कारण आलं तर पहिली पाच मिनिटं जर्मनमध्ये असतात.

अजून एक. काही वर्षांपूर्वी परीक्षा दिली आणि त्यानंतर पुस्तक उघडलं नाही, असं असेल तर जुनं प्रमाणपत्र लपवू नका आणि नवं असल्यासारखं दाखवूही नका. 'बी-वन, २०१९, सध्या सराव नाही' इतकंच लिहा. मुलाखत घेणारा शहाणा असेल तर विचारेल, परत सुरू करायला किती दिवस लागतील? त्याचं उत्तर घरून तयार करून जा.

नमस्कार.