दोन भुजांचा हिशेब

टेबलावर ताणलेल्या दोन मीटर लांबीच्या जाड तांब्याच्या तारेतून 20 अँपिअरचा प्रवाह वाहत आहे. परतीची तार मुद्दाम दूरून नेली आहे, नाहीतर तिचे क्षेत्रही या मोजणीत मिसळले असते. शेजारच्या लाकडी चौकटीवर बारीक तारेचे 100 वेढे आहेत. तारेला समांतर असलेल्या तिच्या भुजा 20 सेंटिमीटरच्या आहेत, तर चौकटीची रुंदी 5 सेंटिमीटर आहे. मोटार ही चौकट सेकंदाला 10 सेंटिमीटर या वेगाने तारेपासून दूर ओढते, आणि त्यामुळे वेढ्यांत निर्माण होणारे विद्युतचालक बल, म्हणजे विद्युतदाब, मीटरच्या पडद्यावर रेषेच्या रूपात दिसते.

चौकटीच्या दोन लांब भुजांकडे आता नीट पाहावे. पाठ्यपुस्तकात फ्लक्सचे, म्हणजे चौकटीतून जाणाऱ्या एकूण चुंबकीय क्षेत्राचे, समाकलन करून जे सूत्र लगेच हाती दिले जाते, त्याचा खरा अर्थ या दोन भुजांत आहे. तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते. जवळची भुजा तारेपासून 2 सेंटिमीटरवर असते तेव्हा दूरची 7 सेंटिमीटरवर असते. दोन्ही भुजा एकाच वेगाने क्षेत्र छेदतात, परंतु जवळच्या भुजेत 0.4 मिलिव्होल्ट निर्माण होतात आणि दूरच्या भुजेत जेमतेम 0.11. वेटोळ्यात ही दोन्ही विद्युतचालक बले एकमेकांविरुद्ध असल्यामुळे मीटरला मिळते ती केवळ त्यांची वजाबाकी, म्हणजे सुमारे 0.29 मिलिव्होल्ट. आडव्या भुजा त्यांच्या लांबीच्याच दिशेने सरकत असल्याने या हिशेबात काहीच भर घालत नाहीत.

पडद्यावरची रेषा आता झपाट्याने खाली येत आहे. जवळची भुजा 5 सेंटिमीटरवर पोहोचताच फरक 0.08 मिलिव्होल्टवर येतो. अंतर अडीचपट झाले, पण विद्युतचालक बल साडेतीनपटीहून अधिक घटले. क्षेत्र तर क्षीण होतेच, शिवाय दोन भुजांमधला फरकही मिटत जातो, आणि चौकटीच्या रुंदीच्या मानाने अंतर बरेच वाढले की ही घट अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात होऊ लागते. हीच चौकट तारेला समांतर सरकवली, तर वेग कितीही असला तरी मीटर शून्यच दाखवतो.

प्रवर्तित प्रवाह जवळच्या भुजेत तारेतील प्रवाहाच्याच दिशेने वाहतो, म्हणून तार चौकटीला आपल्याकडे ओढते. येथे ती ओढ हाताला जाणवण्याइतकी नाही.

मोजणीत खरी अडचण येते ती चौकट किंचित कलली तर. पृथ्वीचे क्षेत्र जवळजवळ एकसमान असल्यामुळे सरळ सरकणाऱ्या चौकटीत ते काही निर्माण करत नाही, मात्र कललेल्या चौकटीत फ्लक्स बदलतो आणि रेषेवर खोटा उंचवटा दिसतो. म्हणून तारेतील प्रवाह बंद करून चौकट त्याच वेगाने पुन्हा ओढली जाते. तरीही उंचवटा उरला, तर तो तारेचा नव्हे. मग प्रवाहाची दिशा उलटवून तिसरी ओढ घेतात. तारेमुळे आलेले बल चिन्ह बदलते, पृथ्वीमुळे आलेले बदलत नाही, आणि दोन नोंदींच्या फरकाचे निम्मे हेच तारेचे खरे देणे असते.